भाचीची मार्कलिस्ट आणि मामूचं कॅप्शन

(छत्रपती संभाजीनगर येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर माझं काम एकच असतं, कोणती माहिती कुणाला दिसावी आणि कुणाला दिसू नये हे ठरवणं. असं असूनही माझ्या हातून घरातल्याच मुलीच्या बाबतीत जी चूक झाली, ती आज तुम्हाला सांगणार आहे. यात कुणाचंही नाव घेणार नाही. नावं घेतली तर माझ्या भाषणाचा विषय इथेच संपेल.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, शिवणकाम करते. तिला दोन मुली. २०२३ साली मोठी दहावी झाली. ५०० पैकी ४५६ गुण, म्हणजे ९१.२० टक्के. आमच्या खानदानात इतके गुण कुणाला मिळाले नव्हते. मलाही नाही. निकाल दुपारी एक वाजता लागला आणि दीड वाजता मी फेसबुकवर पोस्ट टाकली. ती साधारण अशी होती. माशाअल्लाह, माझी भाची, पुढे तिचं पूर्ण नाव, दहावीत ९१.२० टक्के. मग शाळेचं नाव. मग आमच्या मोहल्ल्याचं नाव, कारण मोहल्ल्याचाही अभिमान. मग, आता अमुक कॉलेजात सायन्स घेणार, डॉक्टर होणार. आणि शेवटी, सगळं श्रेय आपाचं, असं लिहून आपाला टॅग केलं. सोबत दोन फोटो. एक गणवेशातला, दुसरा निकालाच्या पानाचा स्क्रीनशॉट. पोस्ट सर्वांसाठी खुली.

चौथ्या दिवशी आपाला फोन आला. बोलणारा माणूस अदबशीर होता. म्हणाला, शिष्यवृत्ती विभागातून बोलतोय, तुमच्या मुलीची निवड झाली आहे. त्याने मुलीचं पूर्ण नाव सांगितलं. शाळा सांगितली. इंग्रजीत अमुक, गणितात तमुक, असे विषयवार गुण सांगितले. बैठक क्रमांक सांगितला. म्हणाला, सायन्सला जाणार आहे ना, तिथेच फी माफ होईल, फक्त अठराशे पन्नास रुपये नोंदणी भरा, आणि आता मोबाइलवर एक ओटीपी येईल तो सांगा. ओटीपी आलासुद्धा. आपा हुशार आहे, पण गुणसुद्धा बरोबर सांगणारा माणूस खोटा कसा असेल? नशीब इतकंच की तिने त्याला म्हटलं, एक मिनिट, भावाला विचारते. मला फोन करून म्हणाली, "ओटीपी आलाय, सांगू का?"

पैसे गेले नाहीत. आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवलं. पण मला प्रश्न पडला, हे सगळं त्याला कळलं कुठून? आधी वाटलं, कुठला तरी डेटा फुटला असेल. आम्हा इंजिनिअर लोकांना तेच आधी सुचतं. मग रात्री बसून मी त्या माणसाचं प्रत्येक वाक्य एका बाजूला लिहिलं आणि माझी पोस्ट दुसऱ्या बाजूला ठेवली. एकही वाक्य शिल्लक राहिलं नाही. नाव, शाळा, सायन्स हे माझ्या कॅप्शनमधून. विषयवार गुण आणि बैठक क्रमांक स्क्रीनशॉटमधून. आणि फोन नंबर? मी आपाला टॅग केलं होतं. तिच्या प्रोफाइलवर ब्लाउज शिवून मिळतील असं लिहून स्वतःचा नंबर दिलेला होता. तो तिने योग्य कारणासाठीच दिला होता. शिवणकाम आणि दहावीची मुलगी या दोन वेगळ्या गोष्टी जोडून दिल्या त्या मी.

आता हा स्क्रीनशॉट नीट समजून घेऊ. महाराष्ट्र बोर्डाचा निकाल ऑनलाइन पाहताना दोन गोष्टी भराव्या लागतात. बैठक क्रमांक आणि आईचं नाव. म्हणजे बैठक क्रमांक हे कुलूप धरलं, तर आईचं नाव ही किल्ली. आणि निकालाच्या पानावर काय छापलेलं असतं? विद्यार्थ्याचं नाव, बैठक क्रमांक आणि आईचं नाव. म्हणजे त्या पानाचा फोटो टाकणं म्हणजे किल्ली लावलेल्या कुलपाचा फोटो टाकणं. कुणी म्हणेल, निकालच तर दिसेल, त्यात काय चोरायचं? चोरायचं काही नाही. पण आपाने त्या माणसावर विश्वास ठेवला तो याच तपशिलांमुळे. फसवणाऱ्याला गुणांशी देणंघेणं नसतं, त्याला आपण आतले आहोत असं भासवायचं असतं. मूळ गुणपत्रिकेवर तर याशिवाय शाळेचा आणि केंद्राचा क्रमांकही असतो.

आपल्या वडिलांच्या काळात निकाल वर्तमानपत्रात यायचा. पेपरात नंबर आला का, असं विचारायचे. नावं नसायची, नुसते क्रमांक. ज्याला क्रमांक माहीत, त्यालाच निकाल कळायचा. सोय म्हणून केलेल्या त्या पद्धतीत नकळत किती शहाणपण होतं! आता आपण क्रमांक, नाव, चेहरा आणि पत्ता एकाच ठिकाणी ठेवतो.

तर मुद्दा जोडणीचा आहे. कॅप्शनमधली एकेक गोष्ट घेतली तर निरुपद्रवी असते. धोका तयार होतो तो त्या एकत्र आल्यावर. म्हणून मी आता कॅप्शनमधला प्रत्येक शब्द तीन ढिगांपैकी एकात टाकतो.

पहिला ढीग किल्ल्यांचा. बैठक क्रमांक, आईचं नाव, जन्मतारीख, आधार, ओळखपत्र, हॉल तिकीट, कागदावरचा क्यूआर कोड. या गोष्टी दुसरीकडे ओळख पटवायला वापरल्या जातात. त्यांच्यामुळे अभिमान रतीभरही वाढत नाही. त्या कधीच टाकायच्या नाहीत, खासगी ग्रुपवरसुद्धा नाहीत, कारण ग्रुपवरून फॉरवर्ड व्हायला एक बोट पुरतं.

दुसरा ढीग ठावठिकाण्याचा. शाळा, इयत्ता, मोहल्ला, शिकवणीचा वर्ग, येण्याजाण्याची वेळ, बसचा फलक, गणवेशावरचा बिल्ला. यांच्यामुळे मूल उद्या कुठे उभं असेल ते कळतं. यातली फार तर एखादीच गोष्ट सांगायची, आणि इथे मुलाचं वय पाहायचं. दहावी झालेली मुलगी ती शाळा सोडून गेली आहे. तिच्या शाळेचं नाव सांगणं म्हणजे कालचा पत्ता सांगणं. पण पाचवीतल्या मुलाला स्कॉलरशिप मिळाली आणि तुम्ही शाळेचं नाव टाकलंत, तर तो उद्या साडेबारा वाजता त्याच फाटकाशी उभा असणार आहे. एकच शब्द, पण एकीकडे तो जुना आहे आणि दुसरीकडे ताजा. म्हणून माझ्या २०२३ च्या कॅप्शनमध्ये शाळेच्या नावापेक्षा, आता अमुक कॉलेजात जाणार, हे वाक्य जास्त वाईट होतं. स्पर्धेच्या ठिकाणाहून तिथल्या तिथे फोटो टाकतो त्याचंही तेच. घरी आल्यावर टाकला तर बक्षीस काही लहान होत नाही.

तिसरा ढीग आनंदाचा. तिने काय केलं, कसं केलं, काय अवघड गेलं, कुणी साथ दिली. हा ढीग पूर्ण वापरा. गंमत अशी की आपल्या कॅप्शनमध्ये पहिले दोन ढीग भरलेले असतात आणि हा जवळपास रिकामा असतो.

आता एक अवघड गोष्ट. आईचं नाव लिहू नका असं मी म्हणतो, तेव्हा मलाच टोचतं. कागदोपत्री आईचं नाव यावं यासाठी या राज्यात किती बोललं गेलं. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव लावणं राज्य सरकारने सक्तीचं केलं, आणि ते योग्यच झालं. मग इथे आईला पुन्हा अदृश्य करायचं का? नाही. तिचं नाव किल्ली म्हणून वापरलं जातं हा तिचा दोष नाही. पण तिला श्रेय द्यायला नाव हा एकच मार्ग नाही. सगळं श्रेय आपाचं, या माझ्या वाक्यात आपाने काय केलं ते कुठे होतं? ती फजरला उठून मुलीला उठवायची आणि ती अभ्यास करत असताना मशीनवर बसायची, म्हणजे मुलीला एकटं वाटू नये. हे वाक्य आपाचं नाव न घेता आपाला मोठं करतं आणि फोनवरच्या माणसाच्या काडीच्या उपयोगाचं नाही.

दुसरी अवघड गोष्ट मुलींच्या फोटोची. जुलै २०२१ मध्ये सुल्ली डील्स आणि १ जानेवारी २०२२ ला बुल्ली बाई, अशी दोन ॲप गिटहबवर टाकली गेली. मुस्लिम स्त्रियांचे सोशल मीडियावरचे खुले फोटो उचलून त्यांचा खोटा लिलाव मांडला होता. बुल्ली बाई प्रकरणात मुंबई आणि दिल्ली पोलिसांनी जे तरुण पकडले, त्यांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. मी रोज ज्या गिटहबवर काम करतो, तेच हे. कुणाचंही खातं फोडावं लागलं नव्हतं. फोटो खुला होता आणि शेजारी मुस्लिम नाव होतं, एवढंच त्यांना पुरलं.

आणि फक्त मुस्लिम मुलींपुरतंही हे नाही. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत ९८.५० टक्के मिळवून एक मुलगी पहिली आली. तिचा फोटो सगळीकडे फिरला आणि लोक गुणांऐवजी तिच्या चेहऱ्यावरच्या केसांवर बोलत राहिले. पुढे तिने वार्ताहरांना सांगितलं की एकदोन गुण कमी पडले असते तर बरं झालं असतं. राज्यात पहिली आलेल्या मुलीला असं वाटावं!

यावरून आपल्या घरांत लगेच एक निष्कर्ष निघतो. मुलींचे फोटो टाकूच नका, नावही नको. मी त्याच्याशी सहमत नाही. भावाच्या पोस्टवर नाव, फोटो, हार, फटाके आणि बहिणीच्या पोस्टवर "अमुक साहेबांची कन्या", याला सुरक्षितता म्हणत नाहीत. याला मुलगी पुसून टाकणं म्हणतात. जो नियम लावायचा तो मुलालाही लावा. पाचवीतल्या मुलाचा ठावठिकाणाही तितकाच जपायचा आहे. आणि उपाय गायब होणं हा नाही, प्रेक्षक निवडणं हा आहे.

प्रेक्षक म्हणजे काय ते सांगतो. व्हॉट्सॲप स्टेटसला आपण घरचंच समजतो. मी माझ्या फोनमधले संपर्क मोजले तर सहाशेच्या वर निघाले. त्यात गॅसवाला आहे, जुना घरमालक आहे, एकदाच बोलावलेला प्लंबर आहे. माझं स्टेटस यांतल्या ज्यांच्याकडे माझाही नंबर आहे त्या सगळ्यांना दिसतं. स्टेटसच्या प्रायव्हसीत Only share with असा पर्याय असतो. त्यात चाळीस माणसं एकदा निवडून ठेवली की काम झालं. त्या चाळीस जणांसमोर चेहरा, पहिलं नाव, गुण, सगळं मोकळेपणाने टाकता येतं. खुल्या पोस्टवर फोटो हवाच असेल तर असा निवडा की ज्यात बिल्ला, घराची पाटी, गल्ली दिसत नाही. फोटोच्या पोटात दडलेलं लोकेशन व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना काढून टाकतं. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मात्र ते तसंच जातं. पण खरं सांगू का, बहुतेक वेळा लोकेशन फोटोच्या पोटात नसतं, फोटोतल्या पाटीवर लिहिलेलं असतं.

आणि गुणपत्रिका दाखवायचीच असेल, तर क्रमांकावर फोनमधल्या मार्करने काळी रेघ मारू नका. हायलायटरची रेघ अर्धपारदर्शक असते. दोनतीनदा फिरवली की डोळ्याला काळी दिसते, पण फोटोचा उजेड वाढवला की खालचे आकडे वर येतात. तुम्ही स्वतः करून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. भरीव चौकोन ठेवा आणि मग त्या चित्राचा नवा स्क्रीनशॉट घेऊन तो पाठवा. नुसतं कापलेलं चित्रही नेहमी भरवशाचं नसतं. २०२३ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनांत असा दोष सापडला होता की कापून टाकलेला भाग काही चित्रांतून परत मिळवता येत होता. त्यापेक्षा सोपं म्हणजे आकडा हाताने कागदावर लिहा आणि मुलीला तो कागद हातात धरून उभं करा.

पोस्ट टाकून चूक लक्षात आली तर? फेसबुकवर कॅप्शन नुसतं दुरुस्त करून भागत नाही. पोस्ट ज्यांना दिसते त्यांना जुनं कॅप्शनही एडिट हिस्टरीत दिसतं. अशा वेळी पोस्ट काढून नव्याने टाकावी.

आपण सांभाळलं तरी बाकीचे टाकतातच. शिकवणीवाले बॅनर करतात, इच्छुक नगरसेवक चौकात फ्लेक्स लावतात, सत्काराच्या फॉर्मसोबत गुणपत्रिका आणि आधारची झेरॉक्स मागतात. घरच्या पोस्टला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लागू होत नाही, वैयक्तिक आणि घरगुती वापर त्यातून वगळला आहे. पण शिकवणीचा वर्ग हा घरगुती वापर नव्हे. त्या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तोपर्यंत भांडायची गरज नाही, एक वाक्य पुरतं. "पहिलं नाव आणि टक्के घ्या, फोटो आम्ही निवडून देऊ, मोबाइल नंबर छापू नका." सत्कार आपण घेत असू तर आधारची झेरॉक्स मागूच नका. हार घालायला आधार लागत नाही.

आता शेवटचं. १३ मे २०२५ ला धाकट्या भाचीचा निकाल लागला. ५०० पैकी ४६७, म्हणजे ९३.४० टक्के. मी या वेळी शहाणा झालो होतो. तीन ढीग करून कॅप्शन लिहिलं आणि टाकण्याआधी तिला दाखवलं. मनात म्हटलं, खूश होईल. तिने वाचलं आणि म्हणाली, "मामू, टक्के नको ना टाकू."

मी म्हटलं, अगं टक्क्यांत काय धोका आहे? म्हणाली, "धोका नाही. पण बाजीला कालपासून सगळे म्हणतायत, धाकटी पुढे गेली. आणि माझ्या मैत्रिणीला दोन विषय राहिलेत. ती तुझं स्टेटस बघते."

माझे तिन्ही ढीग बरोबर होते, पण हा विचार एकाही ढिगात नव्हता. किल्ली कोणती, ठावठिकाणा कोणता हे मी ठरवू शकतो, कारण ते मला तिच्यापेक्षा जास्त कळतं. पण आनंद कोणता, हे तिलाच विचारायला हवं होतं. २०२३ ला मोठीला मी विचारलंच नव्हतं. या निमित्ताने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, गणवेशातला तो फोटो तिला मुळीच आवडला नव्हता, पण मामूचं मन मोडायचं नाही म्हणून गप्प बसली. दोन वर्षं तो फोटो तिथे होता. त्याच रात्री ती पोस्ट काढली.

मग धाकटीबरोबर बसून नवं कॅप्शन लिहिलं. तिचं पहिलं नाव ठेवलं, ते तिला हवंच होतं. शाळेचं नावही तिने मागितलं, भूमितीच्या बाईंसाठी. शाळा सुटलेली आहे आणि पोस्ट चाळीस जणांनाच दिसणार आहे, म्हणून ठेवलं. खुल्या पोस्टवर ठेवलं नसतं. नाव आणि शाळा इथे गाळून ते कॅप्शन वाचून दाखवतो.

"माशाअल्लाह, आमची धाकटी दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. नववीत भूमितीला घाबरायची. या वर्षी मागच्या प्रश्नपत्रिका एकटीने सोडवल्या आणि अडलं की बाईंना शाळा सुटल्यावर गाठलं. अम्मी फजरला उठवायची आणि शेजारी मशीनवर बसायची. बाजीने आपल्या वह्या दिल्या. दुआ करा."

टाकण्याआधी तिने एकच दुरुस्ती केली. "घाबरायची"च्या जागी "रडायची" लिहिलं. म्हणाली, "खरं ते लिही ना, मामू."